केळीच्या गाड्यांचा हिशोब आणि व्हॉट्सअॅपची चॅट फाइल

रावेरला आमची केळीची बाग आहे. बाग मोठा भाऊ पाहतो, हिशोब मी जळगावात बसून ठेवतो. एका व्यापाऱ्याशी दोन हंगाम व्यवहार झाला आणि तो सगळा दादाच्या फोनवर व्हॉट्सअॅपमध्ये होता. सकाळी नवतीचा आणि पिलबागचा भाव यायचा, संध्याकाळी वजनकाट्याच्या पावतीचा फोटो. हिशोब मिटवायची वेळ आली तेव्हा एका गाडीच्या भावावर अडलं. आमच्या वहीत क्विंटलला 1,850 होते, त्यांच्या वहीत 1,780. चॅटमध्ये वर सरकवत तो दिवस शोधणं म्हणजे अख्खी दुपार घालवणं, म्हणून ते संभाषण फाइल करून बाहेर काढायचं ठरवलं.

अँड्रॉइडवर ते संभाषण उघडून वरचे तीन ठिपके, मग `More` आणि `Export chat`. तिथे फोन विचारतो, मीडियासकट की मीडियाशिवाय? आयफोनवर वरच्या नावावर टिचकी मारून अगदी खाली गेलं की हाच पर्याय सापडतो. पर्याय चालतच नसेल, तर त्या चॅटची प्रगत गोपनीयता चालू आहे का ते पाहावं. ती चालू असेपर्यंत एक्सपोर्ट होत नाही.

दादाने पहिलं विचारलं, "का भो, सगळं येईल ना?" सगळं येतंच असं नाही. मीडियाशिवाय काढलं तर शेवटचे 40,000 मेसेज मिळतात, मीडियासकट काढलं तर शेवटचे 10,000. ईमेलला जेवढं ओझं पेलतं त्यावरून या मर्यादा ठरवल्या आहेत. म्हणून मीडियासकटची फाइल आली की आधी तिच्यातल्या पहिल्या ओळीची तारीख पाहावी. आमची फाइल थेट दुसऱ्या हंगामाच्या मध्यापासून सुरू झाली होती.

नुसता मजकूर फार हलका असतो. देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, तरी छोट्या मेसेजांची 40,000 ओळींची फाइल पाच-सहा एमबीच्या आसपास राहते आणि मेलने सहज जाते. अडचण फोटोंची. जीमेलने जोडणी जाते ती 25 एमबीपर्यंत. व्हॉट्सअॅपमधला पावतीचा फोटो दीडशे-दोनशे केबीचा धरला तरी सव्वाशे-दीडशे पावत्यांत डबा भरतो, आणि मध्ये बागेचा एखादा व्हिडिओ आला की त्याच्याही आधी. मीडियासकटची फाइल मी मेलच्या नादी न लागता शेअरच्या यादीतून सरळ ड्राइव्हवर टाकली. कोणत्या चॅटने किती जागा खाल्ली आहे ते सेटिंगमधल्या `Manage storage` मध्ये आधीच दिसतं. अंदाज तिथेच घ्यावा.

मी दोन्ही फाइली काढल्या, कारण दोघींचं काम वेगळं आहे. मजकुराची फाइल शोधायला. तीत '1850' टाइप केलं आणि ओळ समोर आली:

```
11/06/24, 7:12 am - केळी व्यापारी: आज नवती 1850 ने घेऊ
11/06/24, 6:40 pm - केळी व्यापारी: <Media omitted>
```

दुसऱ्या ओळीत फोटो होता एवढंच कळतं, कोणता ते नाही. मीडियासकटच्या फाइलीत त्याच जागी असं दिसतं:

```
IMG-20240611-WA0007.jpg (file attached)
```

मग त्या नावाचा फोटो उघडायचा. पावतीवर 112 क्विंटल निघाले. भावातला फरक 70 रुपयांचा, म्हणजे त्या एका गाडीचे 7,840 रुपये. मी ती ओळ आणि पावती व्यापाऱ्यांना पाठवली. त्यांनी मूळ चॅट आपल्या फोनवर पाहिली आणि वहीत दुरुस्ती करून दिली.

मात्र मीडियासकटच्या फाइलीतही काही ठिकाणी `<Media omitted>` दिसलं. जो फोटो फोनमध्ये कधी उतरवलाच नव्हता किंवा जागा करायला पुसून टाकला होता, तो एक्सपोर्टमध्ये येत नाही. दादाच्या फोनमधले उन्हाळ्यातले बरेच फोटो असे गेले होते. त्या पावत्या व्यापाऱ्यांकडूनच पुन्हा मागवल्या.

10,000 मेसेजांच्या पलीकडच्या, पण फोनमध्ये शाबूत असलेल्या पावत्यांसाठी फोन केबलने संगणकाला जोडला आणि हे फोल्डर उचललं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

यात सगळ्या चॅटचे फोटो एकत्र असतात, घरच्या लग्नाचेसुद्धा. पण नावातच वर्ष, महिना, दिवस असल्यामुळे मजकुराच्या फाइलीतली तारीख घेऊन पावती वेगळी काढता येते. आपण स्वतः पाठवलेले फोटो आतल्या `Sent` मध्ये असतात.

दादा नवीन फोन घेणार आहे. ही फाइल त्यात परत टाकून चॅट उभी राहत नाही, ती फक्त वाचायला. चॅट नव्या फोनवर न्यायचा एक मार्ग म्हणजे वेगळा बॅकअप, तो जुना फोन हातात असतानाच घेऊन ठेवला.