शेंगेन व्हिसा: फ्रान्स, इटली की नुसतंच विमान बदलायचं जर्मनी?

युरोपातल्या अनेक देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज भरणं अवघड नाही. फोटो, विमा, बँकेची कागदपत्रं, बोटांचे ठसे हे सगळं सुरळीत झालं. माझं डोकं उठवलं ते एकाच प्रश्नाने, अर्ज करायचा कोणत्या देशाकडे?

‘जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे’ हे उत्तर सगळे छातीठोकपणे देतात आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. नियमात पहिलं उतरणं सगळ्यात शेवटी येतं. आधी बघायचं ते मुख्य ठिकाण, म्हणजे जिथे सर्वात जास्त दिवस राहणार किंवा ज्या कारणासाठी प्रवास आहे ते जिथे आहे तो देश. परिषद किंवा लग्न एका देशात आणि पुढे थोडी भटकंती असेल, तर कारणाचं पारडं जड होऊ शकतं. नुसतं फिरायला जाणाऱ्याने दिवस मोजावेत. यातून एक देश ठरलाच नाही, तरच आधी कोणत्या देशाची बाह्य सीमा ओलांडणार हे बघतात.

माझ्या आराखड्यात नेमकं तेच झालं. 4 मे ते 8 मे पॅरिस, 8 ते 11 स्वित्झर्लंड, 11 ते 15 इटली आणि रोमहून परत. फ्रान्समध्ये चार रात्री, इटलीतही चार. रात्रींऐवजी तारखा मोजल्या तर दोन्हीकडे पाच. म्हणजे तंतोतंत बरोबरी. आणि पॅरिसला जाणारं विमान जर्मनीतल्या फ्रँकफर्टला बदलायचं होतं. तिथून पॅरिसचं उड्डाण शेंगेनच्या आतलं, त्यामुळे प्रवेशाची तपासणी फ्रँकफर्टलाच होणार. म्हणजे जिथे मी एक रात्रही काढणार नाही, फक्त एका फाटकातून दुसऱ्या फाटकाकडे चालत जाणार, तो देश अचानक दावेदार झाला.

अर्ज घेणाऱ्या केंद्रातल्या काउंटरवरच्या बाईंनी तिकीट बघितलं आणि सांगितलं, “जर्मनीकडे करा.” मी म्हटलं, “तिथे हॉटेलच नाहीये, मुक्काम काय दाखवू?” त्यावर त्या म्हणाल्या, “मग फ्रान्सकडे करा.” त्याच केंद्राच्या हेल्पलाइनने सांगितलं, “तुम्हाला सोयीचा वाटेल तो देश निवडा.” तीन उत्तरं, आणि तिसरं तर निखालस चूक. निवड आपल्या हातात नसते. ज्या वकिलातीचा अधिकारच नाही तिने फाइल परत करायची, व्हिसाचं शुल्क परत द्यायचं आणि कुठे जायचं ते सांगायचं, असा नियम आहे. पण केंद्राचं सेवाशुल्क परत येईल असं धरू नका, आणि वाया गेलेली अपॉइंटमेंट तर कोणीच भरून देत नाही. मला राग आला तो याचा, की चुकीच्या सल्ल्याची किंमत आपण मोजायची आणि सल्ला देणारा मोकळा.

शेवटी मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं आणि बरोबरीच मोडली. फ्रान्सची एक रात्र काढून स्वित्झर्लंडला दिली असती, तर इटली आणि स्वित्झर्लंड चार-चारवर आले असते, म्हणजे तोच घोळ नव्या जोडीत. म्हणून स्वित्झर्लंडची एक रात्र इटलीला दिली. आता फ्रान्स चार, स्वित्झर्लंड दोन, इटली पाच. रात्री मोजा की तारखा, इटलीच पुढे. फ्रँकफर्टचा प्रश्नच उरला नाही. हॉटेलं, रेल्वेची तिकिटं आणि कव्हर लेटर, सगळीकडे हाच हिशेब दिसेल असं केलं. पत्रात देशवार रात्रींचा छोटा तक्ता घातला. काउंटरवर तो बघितल्यावर कोणी हूं की चूं केलं नाही, याचं समाधान मला अजून आहे.

हा बदल मात्र खरा असायला हवा. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून एखाद्या देशाची खोटी बुकिंग दाखवून व्हिसा घ्यायचा आणि नंतर ती रद्द करायची, हा उद्योग काही जण करतात. फसवून मिळवलेला व्हिसा सीमेवरही रद्द होऊ शकतो. उलट इटलीचा खरा व्हिसा असेल तर फ्रँकफर्टला उतरायला काहीच अडचण नाही, फक्त हॉटेलच्या पावत्या हाताशी ठेवा. मला तिथे विचारलंच, “इटलीचा व्हिसा आणि इथे कसे?” पावत्या दाखवल्या, प्रवेश मिळाला.

हो, आणि देश ठरला तरी वकिलात कोणती हे तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरतं. दोन महिन्यांच्या आत दोन वेगळ्या फेऱ्या असतील तर दोन्हींचे दिवस एकत्र मोजायचे. मध्ये लंडन असेल तर ते दिवस हिशेबात येत नाहीत, पण परत आत यायला एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. तो रकाना अर्जातच भरा.