‘एकूण’ या शब्दानं केलेला घोळ

दहावीचा गणित भाग 1 चा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी होता. पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी क्लास ठेवत नाही. मुलांना घरीच बसून सराव करू देतो आणि अडलं तर गणिताचा फोटो काढून पाठवा, असं सांगून ठेवतो. त्या दिवशी सहा वाजल्यापासून एकाच मुलीचे फोटो येत होते. फोन तिच्या वडिलांचा होता. प्रत्येक फोटोखाली तोच प्रश्न : ‘सर, याला कोणतं सूत्र?’ आणि सगळी गणितं अंकगणिती श्रेढीची.

पहिल्या फोटोत नाट्यगृहाचं गणित होतं. खुर्च्यांच्या 24 रांगा. पहिल्या रांगेत 18 खुर्च्या, दुसरीत 21, तिसरीत 24, असं वाढत जाणारं. प्रश्न होता, ‘15व्या रांगेत एकूण किती खुर्च्या असतील?’ तिनं बेरजेचं सूत्र घेतलं होतं, Sₙ = n/2 [2a + (n − 1)d]. आकडेमोड अगदी स्वच्छ, उत्तर 585. खाली लिहिलं होतं, ‘पुस्तकात 60 आहे.’

मी लिहिलं, ‘अगं, एका रांगेचं विचारलंय. tₙ = a + (n − 1)d घे. 18 + 14 × 3 = 60.’ तिचं लगेच उत्तर आलं, ‘पण सर, एकूण म्हटलंय ना?’

तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. घाईत चुकली असेल, असं वाटलं.

दुसरा फोटो बचतीच्या गणिताचा. पहिल्या महिन्यात 200 रुपये, दुसऱ्यात 250, तिसऱ्यात 300. ‘12व्या महिन्यापर्यंत किती रक्कम साठेल?’ इथं तिनं नेमकं उलट केलं होतं. t₁₂ काढून उत्तर 750. मी विचारलं, ‘इथं बेरीज का नाही घेतलीस?’ ती म्हणाली, ‘12व्या आहे ना, सर. वा, वी, वे आलं की nवं पद.’

हे वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं.

मी तिला वहीचं ते पान पाठवायला सांगितलं. फोटो आला. लाल शाईनं आखलेला तक्ता, डावीकडे शब्द, उजवीकडे सूत्र. ‘एकूण, बेरीज, सर्व’ यांच्यासमोर Sₙ. ‘वा, वी, वे, व्या’ यांच्यासमोर tₙ. जानेवारीत उजळणी घेताना मीच तो फळ्यावर लिहून दिला होता. मुलं सूत्र निवडताना अडतात, त्यांना पटकन सुचावं म्हणून. ती तो तक्ता इमानेइतबारे पाळत होती आणि म्हणूनच चुकत होती. ‘15व्या रांगेत एकूण’ यातलं ‘एकूण’ एका रांगेतल्या खुर्च्यांचं आहे आणि ‘12व्या महिन्यापर्यंत’ मधला ‘12व्या’ बेरीज कुठं थांबते ते सांगतो. गणिताचा कल ठरवतो तो ‘पर्यंत’. ‘पर्यंत’, ‘अखेर’, ‘मिळून’ हे शब्द माझ्या तक्त्यात नव्हते. असते तरी उद्या आणखी कुठला तरी शब्द निघालाच असता.

मग मी फोनच लावला. वडिलांनी उचलला, ‘सर, तिला देतो,’ म्हणाले. मी तिला सांगितलं, ‘बाळा, तो तक्ता पेन्सिलीनं खोडून टाक. प्रश्न वाचलास की सूत्राकडे जाऊ नकोस. आधी मला एवढंच सांग, उत्तर किती रांगांचं आहे?’

‘एका.’

‘मग 585 आलं तेव्हा ते कशाचं होतं?’

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘पहिल्या पंधरा रांगांचं, सर.’

मी तिला सगळ्या 24 रांगांची बेरीज करायला लावली. 12 × (36 + 69), म्हणजे 1260. एका रांगेत 585 म्हणजे जवळपास निम्मं नाट्यगृह एकाच रांगेत बसवल्यासारखं झालं. बचतीच्या गणितात तिनंच शोधलं की पहिल्या चार महिन्यांचेच 1100 होतात, मग वर्षाचे 750 कसे? बरोबर उत्तर 5700. चुकीचं सूत्र घेतलं तरी आकडेमोड बिनचूक होते, त्यामुळे पान पाहून काहीच खटकत नाही. खटकतं ते उत्तराला पुन्हा गोष्टीत नेऊन बसवल्यावर.

पुढचा फोटो : 100 ते 400 यांमधल्या 7 ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज. बेरीज हवी हे तिनं बरोबर ओळखलं, पण n म्हणून 300 घेतले होते. इथं एकाच सूत्रानं भागत नाही. पहिली संख्या 105, शेवटची 399. आधी tₙ चं सूत्र वापरून 399 कितवं पद ते काढायचं : 105 + (n − 1) × 7 = 399, म्हणून n = 43. शेवटचं पद हातात असल्यामुळे बेरजेला n/2 (t₁ + tₙ) हेच सूत्र सोयीचं. 43/2 × 504 = 10836. ‘म्हणजे सर, tₙ चं सूत्र पद काढायलाच नाही, पदं मोजायलाही चालतं,’ असं ती म्हणाली. हे मी वर्गात कधी इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला कर्जाचं गणित आलं. फोटोत डावी कड कापली गेली होती, ‘पहिला हप्ता’ हे शब्द अर्धेच दिसत होते. व्याजासह 10,800 रुपये फेडायचे, पहिला हप्ता 2000 रुपयांचा, पुढचा प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा 200 रुपयांनी कमी. किती हप्त्यांत फिटेल? सूत्र तिनं स्वतःच बरोबर निवडलं होतं. रक्कम सगळ्या हप्त्यांची मिळून आहे, म्हणून Sₙ, आणि शेवटचा हप्ता माहीत नाही म्हणून 2a वालं. सोडवत सोडवत ती n(21 − n) = 108 पर्यंत आली होती आणि तिथं तिला दोन उत्तरं मिळाली, 9 आणि 12. खाली लिहिलं होतं, ‘दोन उत्तरं आली. सूत्र चुकलं का?’

मी उत्तर दिलं नाही. फक्त लिहिलं, ‘शेवटचे हप्ते लिहून बघ.’

पाच मिनिटांनी फोटो आला. नववा हप्ता 400, दहावा 200, अकरावा 0, बारावा −200. तिनं −200 भोवती गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘बँक आपल्याला देणार नाही. 9.’ त्याखाली, मी न विचारता, आणखी एक ओळ : ‘200 + 0 − 200 = 0, म्हणून 12 ला पण बेरीज तेवढीच येते.’

सूत्र चुकलेलं नव्हतं. सूत्राला हप्ते म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याच्या लेखी दोन्ही उत्तरं खरी. नुसत्या क्रमिकेचं गणित असतं, 20 + 18 + 16 असं, तर दोन्ही लिहावी लागली असती.

रात्री मी वर्गाच्या ग्रुपवर त्या तक्त्याचा फोटो टाकला, त्यावर आडवी रेघ मारून. खाली लिहिलं, हा तक्ता मी दिला होता, तो चुकीचा आहे, वापरू नका. प्रश्नाच्या बाजूला एवढंच लिहा : उत्तर एकाचं की तिथपर्यंतच्या सगळ्यांचं. काही मुलांनी लगेच विचारलं, ‘मग ओळखायचं कसं?’ त्यांना एकेक करून फोन केले. शेवटचा फोन संपला तेव्हा साडेदहा वाजले होते.