मराठी लेखाची लिंक: देवनागरी की रोमन?

‘तुम्ही लिहिता शुद्ध मराठीत, मग लेखाची लिंक इंग्रजी अक्षरांत का? देवनागरीत ठेवली तर गूगलला चालत नाही का?’

गूगलला चालते. अडचण येते ती लिंक कॉपी करताना. ब्राउझरच्या पट्टीत ‘पुणे’ छान दिसतं, पण तीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलमध्ये चिकटवली की बहुतेक वेळा शेवटचा तुकडा असा उतरतो:

```
%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%A3%E0%A5%87
```

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, उकार, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. म्हणून ‘पुणे’ची छत्तीस झाली.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण तिथे शीर्षकावरून आपोआप बनणाऱ्या स्लगला, म्हणजे लिंकच्या या शेवटच्या तुकड्याला, 200 अक्षरांची मर्यादा आहे. समजा शीर्षक आहे ‘शेतकऱ्यांसाठी पीक विमा अर्ज कसा भरावा’. पहिल्याच शब्दात 13 चिन्हं आहेत, म्हणजे 117 अक्षरं तिथेच संपली. ‘पीक’ आणि ‘विमा’ बसतात, आणि ‘अर्ज’मधल्या ‘अ’वर कात्री लागते. लिंक उरते ‘शेतकऱ्यांसाठी-पीक-विमा-अ’. मी त्या जागी हाताने pik-vima-arj लिहितो. बारा अक्षरं, फोनवरही सांगता येतात.

‘शेतकऱ्यां’मधला ऱ्य ही खास आपली भानगड. काही कीबोर्ड तिथे ‘ऱ’ देतात, तर काही साध्या ‘र्’पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण लिंक वेगळी होते. कुणी ती हाताने टाइप केली, तर पान सापडेलच याचा भरवसा नाही.

रोमन करताना मात्र ते काम यंत्रावर सोडू नका. तयार लिप्यंतराची साधनं बहुधा संस्कृतच्या नियमांनी चालतात. ‘ज्ञानेश्वरी’चं jnanesvari होतं, ‘पुरणपोळी’चं puranapoli. मराठी माणूस शोधताना dnyaneshwari आणि puran-poli असंच लिहितो, तेच ठेवा. ‘साठी’, ‘कसा’, ‘आणि’ गाळा. दरवर्षी सुधारायचा लेख असेल तर सालही नको. ‘विमा’ एकदा vima लिहिलात की पुढच्या लेखात veema करू नका.

शब्दकोश किंवा ज्ञानकोश काढत असाल, तर मी देवनागरीच सुचवेन. तिथे शीर्षक एकदोन शब्दांचं असतं आणि नोंदीचं नाव हाच पत्ता असतो. मराठी विकिपीडिया तसंच करतो.

आणि जुने लेख देवनागरी पत्त्यावर नीट चालत असतील, तर केवळ हे वाचून ते बदलू नका. लोकांनी पाठवलेल्या लिंका मोडतील. बदलणं भागच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट लावा आणि तो काढू नका.