एकच बाटली, नऊ फ्रेम

हँडवॉशच्या पंधरा सेकंदांच्या जाहिरातीचा स्टोरीबोर्ड होता, म्हणजे शूटिंगआधी काढायची चित्रं. उभा व्हिडिओ, नऊ फ्रेम, आणि त्यातल्या सात फ्रेममध्ये बाटली. पहिल्या फेरीत मी सगळं हाताने काढलं होतं. क्लायंटच्या मॅडमनी पहिली तक्रार केली ती बाटलीचीच. एका फ्रेममध्ये तिचे खांदे उतरते होते, दुसऱ्यात सरळ, आणि एका ठिकाणी मान इतकी उंच की पंप निराळ्याच कंपनीचा वाटावा. तक्रार खरी होती. कच्च्या स्केचमध्ये माणसाचा चेहरा जरा बदलला तरी चालतं, कारण तो माणूस अजून ठरायचा असतो. बाटली मात्र दुकानात आधीच असते, आणि समोर बसलेल्या माणसाने तिच्या साच्यावर वर्षभर वाद घातलेले असतात. खांद्याची दोन मिलिमीटरची चूक त्याला लगेच दिसते.

दिग्दर्शकाचा निरोप एका ओळीचा होता, ‘बाटली लॉक कर.’ म्हणजे एकदाच नीट काढायची आणि तीच सगळीकडे वापरायची. मी तसंच केलं. एजन्सीने पाठवलेल्या पॅक शॉटवरून, म्हणजे नुसत्या बाटलीच्या फोटोवरून, एक बाटली अगदी मन लावून रंगवली: डावीकडे नोझल, लेबलची कड, खांद्यावरची पांढरी चमक. मग तोच लेयर सातही फ्रेममध्ये लावला आणि फक्त लहानमोठा केला. दुपारच्या मीटिंगला मी अगदी निर्धास्त गेले होते.

मॅडमनी बोर्ड दोनदा वरून खाली पाहिला आणि म्हणाल्या, ‘तिसऱ्या फ्रेममध्ये बाटली उंच झालीय. सहाव्यात रंग फिकट आलाय.’

दिग्दर्शक म्हणाला, ‘शक्यच नाही.’ मीही तेच म्हटलं. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, लेयर उघडून दाखवले. दुसऱ्या आणि सहाव्या फ्रेममधल्या बाटलीवर एकाच जागी आयड्रॉपर टेकवला, तो त्या जागेच्या रंगाचा आकडा दाखवतो. दोन्हीकडे `#2E7F78`. एका आकड्याचाही फरक नाही. मॅडमनी पाहिलं, मान हलवली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘तुमचा आकडा बरोबर असेल. मला दिसतंय ते मी सांगतेय.’

मीटिंग तिथेच संपली. परत येताना दिग्दर्शक चिडलेला होता, ‘यांना काही कळत नाही’ वगैरे. मला तसं म्हणवेना. कारण लॅपटॉप वळवताना मलाही तिसऱ्या फ्रेममध्ये काहीतरी खटकलं होतं.

तिसरी फ्रेम टॉप अँगलची होती. पूर्ण वरून नाही, साधारण 45 अंशांतून. बेसिनच्या कडेला बाटली, आणि एक छोटा हात तिच्याकडे येतोय. बेसिन मी त्या अँगलमधून बरोबर काढलं होतं. पॅक शॉट मात्र जवळजवळ डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला होता, बहुतेक पॅक शॉट तसेच असतात. म्हणजे बेसिनकडे पाहणारा डोळा वर होता आणि बाटलीकडे पाहणारा तिच्या समोर. दोघे एकाच चित्रात.

घरी येऊन नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली आणि मोजली. उंची 180 मिलिमीटर, व्यास 60. उभी वस्तू 45 अंशांतून पाहिली की तिची उंची सुमारे सात-दशांशच दिसते, म्हणजे 180 च्या जागी 127. माझ्या फ्रेममध्ये ती पूर्ण 180 ची उभी होती. मॅडमना ती ‘उंच’ वाटली, कारण ती खरोखरच चाळीस टक्के उंच होती. त्यांनी नुसत्या नजरेने जे पकडलं, ते मला फूटपट्टी घेतल्यावर कळलं.

तळाचंही तेच. गोल वस्तूचा तळ चित्रात लंबवर्तुळ होतो, आणि ते किती उघडायचं हे पाहण्याच्या कोनावर ठरतं. पाच अंशांतून ते जवळजवळ रेष असतं. 45 अंशांतून त्याची आडवी रुंदी दहा असेल तर उभी सात. माझ्या बेसिनची कड अशी छान उघडलेली, आणि तिच्या शेजारी बाटलीचा तळ सपाट. बाटली बेसिनवर उभी नव्हतीच, चित्रावर चिकटवलेली होती. ‘चिकटवल्यासारखं दिसतंय’ असं लोक म्हणतात तेव्हा दहातल्या आठ वेळा चूक तळाच्या या लंबवर्तुळात असते. सावली कितीही सुंदर घाला, ती चूक झाकली जात नाही.

मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बाटलीचं साधं मॉडेल केलं. दंडगोल, वर उतरता खांदा, मान, पंप. टेक्स्चर नाही, प्रकाश नाही, फक्त मापं नेमकी. कॅमेरा 45 अंशांवर ठेवला आणि पंपापासून अंतर 25 सेंटीमीटर, कारण हात जवळून येतोय असं वाटायला हवं होतं. त्यावरून बाटली पुन्हा काढली.

ती दिसायला भयंकर होती. वरचा पंप कॅमेऱ्यापासून 25 सेंटीमीटरवर आणि तळ जवळजवळ 38 वर, त्यामुळे तळ वरच्या भागाच्या दोन-तृतीयांश मापाचा. मोठं डोकं, खाली निमुळती होत गेलेली. भूमितीत कुठेही चूक नव्हती, खरी बाटली तिथून तशीच दिसते. मी फोन हातात घेऊन टेबलावरच्या बाटलीवर धरून पाहिला, अगदी तशीच. पण ही फ्रेम मॅडमपुढे ठेवली असती तर त्या म्हणाल्या असत्या की ही आमची बाटलीच नव्हे.

इथे मी बराच वेळ अडकले. चिकटवलेली बाटली खोटी होती आणि मोजून काढलेली बाटली अनोळखी होती. आकार तोच राहावा म्हणून बाटलीत हात घालायची माझी सवय, आणि बदलायचा होता तो कॅमेरा. वस्तू किती विद्रूप दिसते हे लेन्सवर नाही, कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरतं. मागे गेलात की जवळच्या आणि लांबच्या टोकांतला फरक नगण्य होतो. लेन्स फक्त चौकट आवळून देते. मॉडेलमधला कॅमेरा त्याच कोनात 1.2 मीटरवर नेला. आता तळ वरच्या भागाच्या नव्वद टक्के. लेन्स 100 मिलिमीटरची केली, तर उभ्या फ्रेमच्या साधारण दोन-पंचमांश उंचीत बाटली बसली. बेसिन आणि हातही त्याच कॅमेऱ्यातून पुन्हा काढले. बाटली वरून पाहिलेली दिसत होती आणि तरी आपली, ओळखीची दिसत होती.

रात्री कॅमेरामनला फोन करून विचारलं, बेसिनवर तिरका 1.2 मीटरवर कॅमेरा मिळेल का. तो म्हणाला, सेटला छत नाही, मिळेल, पण हे आत्ता सांगितलंस ते बरं झालं, नाहीतर मी जवळ जाऊन वाइड लेन्स लावणार होतो. तेव्हापासून मी प्रत्येक फ्रेमच्या खाली कॅमेऱ्याचा कोन, अंतर आणि लेन्स लिहिते. दिग्दर्शकाला हा आगाऊपणा वाटतो. पण कॅमेरा कुठे आहे हे न सांगता बाटली लॉक करता येत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

सहावी फ्रेम वेगळीच होती. रात्रीचं न्हाणीघर, गडद निळसर हिरव्या टाइल्स, एका बाजूने मंद पिवळा दिवा. त्या अंधारात मी दिवसाच्या प्रकाशात रंगवलेली बाटली तशीच ठेवली होती. आजूबाजूचं सगळं गडद झालं की मधला तोच रंग उजळ आणि फिकट वाटतो. शिवाय टाइल्सचा रंग बाटलीच्याच जातीचा असल्यामुळे तिच्या रंगाचा भडकपणाही मारला गेला. डोळा खोलीतल्या प्रकाशाचा हिशोब आपोआप करतो आणि मग विचारतो, एवढ्या अंधारात ही एवढी उजळ कशी? म्हणजे मुळात ती फिकट असणार.

उपाय साधा होता. बाटलीवर खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय लेयर टाकून रंग सुमारे एक-तृतीयांश गडद केला, दिव्याच्या बाजूची चमक थोडी पिवळी केली आणि खांद्यावरची पांढरी चमक जवळजवळ काढून टाकली. बाटलीचा मुख्य रंग झाला `#1F5652`. दुसरी आणि सहावी फ्रेम शेजारी ठेवून जरा लांबून पाहिल्या. एकच बाटली, एकदा सकाळी आणि एकदा रात्री. आकडे वेगळे, बाटली एक.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवा बोर्ड पाहिला. तिसऱ्या फ्रेमवर थांबल्या, सहाव्यावर थांबल्या, आणि ‘आता सगळीकडे सारखी आहे’ म्हणून सही केली. सातांपैकी चार फ्रेममध्ये मी बाटली बदलली होती. ज्या दिवशी ती काडीमात्र बदलली नव्हती, त्या दिवशी त्यांना ती वेगवेगळी दिसली होती. मी हे काम अकरा वर्षं करतेय आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. काल एजन्सीकडून मेल आला. तिथे एक मुलगा ब्रँडचे रंग तपासतो. त्याच्याकडे तक्ता असतो, आयड्रॉपर टेकवायचा आणि आकडा जुळवायचा. ‘सहाव्या फ्रेममध्ये ब्रँडचा रंग चुकला आहे, दुरुस्त करून पाठवावे.’ त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. मला राग त्या तक्त्याचा येतो. छापील लेबलवर तो तक्ता ठीक आहे. गोल, चकचकीत बाटलीवर प्रकाश पडला की तो कुठे लावणार?

मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. नमुन्याची बाटली न्हाणीघरात नेली, मोठा दिवा बंद केला, बाजूला छोटा दिवा लावून फोटो काढला. मग त्या फोटोत बाटलीवर दहा ठिकाणी आयड्रॉपर टेकवला आणि दहाही आकडे फोटोवरच लिहिले. त्यातला एकही `#2E7F78` नव्हता, आणि ती तर कारखान्यातून आलेली खरी बाटली होती. फोटोखाली एकच ओळ लिहिली, ‘हीसुद्धा दुरुस्त करायची का?’ मग तीही खोडली, कारण तो मुलगा नवा आहे आणि त्याला ती टोचली असती. नुसता फोटो पाठवला.

उत्तर अजून आलेलं नाही. बोर्ड उद्या सकाळी प्रिंटला जातोय. फाइलमध्ये सहाव्या फ्रेमचे दोन्ही लेयर आहेत, आणि सध्या तरी गडद बाटलीचा चालू आहे.