टक्के कशाचे?

आज साडीच्या दुकानात पाटी होती: '५०% + २०% सूट'. लेक म्हणाली, "म्हणजे सत्तर टक्के!" दोन हजारांची साडी आधी हजारावर आली, मग वीस टक्के त्या हजाराचे, म्हणजे दोनशे. बिल आठशे. सूट साठच टक्के.

बाई, तुमचा आठवीचा तास आठवला. फळ्यावर १०० लिहून तुम्ही दहा टक्के वाढवलेत, ११०. मग दहा टक्के घटवलेत, ९९. "एक रुपया कुठे गेला?" विचारलंत आणि खडू ठेवून दिलात. आम्ही काहीही बोललो तरी तुमचं एकच, "टक्के कशाचे?" शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "घटवताना एकशे दहाचे!" तेव्हा कुठे हसलात.

मनापासून आभार, बाई. साडी घेतली, बरं का. आठशेलाही छानच आहे.