लगक्रम तपासणी, नोंद 4: ‘तुझ्या’तला ‘तु’ लघू की गुरू?

तपासणीची ओळ भुजंगप्रयातातली आहे. या वृत्तात चार य-गण, म्हणजे लगागा चारदा. अक्षरे 12, मात्रा 20.

तु झ्या अं । ग णी सां । ड ले चां । द णे हे
ल गा गा । ल गा गा । ल गा गा । ल गा गा

ओळ चोख बसली आहे. तरीही ‘जोडाक्षरामागचे अक्षर गुरू’ हा पाठ केलेला नियम सरसकट लावला, तर ‘झ्या’मुळे ‘तु’ गुरू होतो, मात्रा 21 भरतात आणि पहिलाच गण मोडतो. इथे चूक ओळीची नाही, नियम अर्धवट लावल्याची आहे. मागच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. ‘विद्या’ म्हणताना ‘वि’वर जोर पडतो, ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’ हलकाच राहतो.

कानाचा भरवसा वाटत नसेल, तर मूळ शब्द पाहावा. तुझा–तुझ्या, कळी–कळ्या, मिठी–मिठ्या यांतला ‘य’ रूप बदलताना आलेला आहे. असा ‘य’ मागच्या अक्षराला जड करत नाही. ‘विद्या’, ‘उद्या’ यांत तो मुळातच आहे, म्हणून तिथे गुरू. याची सगळ्यात सुंदर जोडी म्हणजे ‘पुण्याला गेलो’ आणि ‘पुण्याला मुकलो’. लिहायला एकच शब्द, पण पहिला ‘पुणे’वरून आलेला, तिथे ‘पु’ लघू. दुसरा ‘पुण्य’वरून, तिथे गुरू. ‘रस्त्यात’मध्ये मात्र ‘र’ गुरूच, कारण ‘रस्ता’तच जोडाक्षर आहे. ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’, ‘कुऱ्हाड’ यांतल्या हकारयुक्त जोडाक्षरांमागेही पहिले अक्षर लघू राहते.

‘र’च्या बाबतीत लेखनच उत्तर देते. ‘दऱ्यांतून वारा तुझी साद नेतो’ ही ओळ लगागा चारदा अशी नीट बसते. टंकताना ‘दर्यातून’ झाले, की दरीचा समुद्र होतो आणि ‘द’ गुरू होऊन पहिला गण गागागा होतो. त्यामुळे ओळ अडखळली, तर आधी रफार तपासावा.

कान लावायचा तो फक्त जोडाक्षरांपुरता. बोलताना ‘चांदणे’चे ‘चांद्णे’ होते आणि ‘दऱ्यांतून’चा ‘न’ जवळजवळ हलन्त ऐकू येतो. वृत्तात मात्र तो ‘द’ आणि तो ‘न’ पूर्ण अक्षरे आहेत, प्रत्येकी एक मात्रा. उच्चाराप्रमाणे मोजल्यास अक्षरे 12 ऐवजी 11 भरतात; एक अक्षर कमी पडले की बहुधा हेच झालेले असते.

नुसत्या बेरजेवरही थांबू नये. ‘अंगणी तुझ्या सांडले चांदणे हे’ असे केले तरी अक्षरे 12 आणि मात्रा 20च राहतात, पण सुरुवात गालगा अशी होते. हा भुजंगप्रयात नव्हे. म्हणून आधी प्रत्येक अक्षराखाली ल किंवा गा लिहून तीन-तीनचे गट पाडावेत, बेरीज त्यानंतर.