दोन्ही बँका शाबूत, तरी कंट्रोलर बंद

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी आमच्यासाठी कामाची वेळ. ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात, कोल्डरूम अर्ध्या रिकाम्या असतात आणि त्यांचं तापमान सांभाळणाऱ्या आमच्या कंट्रोलरचं फर्मवेअर बदलायला मालक मंडळी हरकत घेत नाहीत. गोची एवढीच की लाईट जाण्याचा हंगामही हाच. पावसात एक माड तारेवर आडवा झाला की झालं. म्हणून आमच्या कंट्रोलरमध्ये पहिल्यापासून दोन बँकांची व्यवस्था आहे.

आत एसटीएम३२ मालिकेतली एल४७६ चिप आहे. तिची १ एमबी फ्लॅश ५१२ केबीच्या दोन बँकांत विभागलेली असते. चालू फर्मवेअर पहिल्या बँकेत असेल तर नवं दुसऱ्या बँकेत उतरतं, पहिल्याला कोणी हात लावत नाही. सगळं उतरलं की फ्लॅशमधून ते पुन्हा वाचून सीआरसी काढायचा, पाठवलेल्या सीआरसीशी जुळला तरच एका वेगळ्या पानावर नोंद करायची की 'आता दुसरी बँक'. बूटलोडर सुरू झाला की ते पान वाचतो, शेवटची धड नोंद शोधतो, त्या बँकेचा सीआरसी पुन्हा तपासतो आणि मग उडी मारतो. अपडेटच्या मध्यात लाईट गेली तर नवी नोंद झालेलीच नसते, म्हणजे जुनं फर्मवेअर चालू होणार. कागदावर तरी यात भोक नाही. हा बूटलोडर आधीच्या एका कंत्राटदाराने लिहून दिला होता आणि साइटवर तो मुकाट चालत होता.

शापोरा जेटीजवळच्या कोल्डरूमवरून सकाळी आमच्या टेक्निशियनचा फोन आला. "दादा, डिस्प्ले काळा आहे. काल संध्याकाळी अपडेट चालू असतानाच लाईट गेली. रात्री आली, पण हा काही उठत नाही. कॉम्प्रेसर मी डायरेक्टवर टाकलाय."

वेर्ण्याहून निघालो. पणजी, म्हापसा करत पोचेपर्यंत मॅनेजरसाहेबांचा निकाल लागलेला होता. "तुम्ही मशीनमध्ये नवीन काहीतरी घातलंत आणि ते मेलं, सरळ आहे की!" आमच्या ऑफिसातही फोनवर हेच चाललं होतं: अर्धवट उतरलेलं फर्मवेअर चालू झालं असणार, सीआरसीची तपासणी कुठेतरी निसटली असणार. मला ते पटत नव्हतं, कारण अर्धवट फर्मवेअर चालू झालं असतं तर निदान बूटलोडरचा दिवा एकदा लुकलुकला असता. इथे तोही नव्हता.

अशा वेळी कंट्रोलरला आधी रिसेट द्यायचा नाही, ही माझी सवय. प्रोग्रॅमर जोडला तो हॉटप्लग पद्धतीने, म्हणजे प्रोसेसर जिथे अडकलाय तिथेच त्याला पकडता येतं. तो सापडला `NMI_Handler` मध्ये, आपल्याच जागी गोल फिरत. लायब्ररीसोबत येतो तसा रिकामा हँडलर, आत फक्त न संपणारा लूप. वॉचडॉग बूटलोडरमध्ये सुरूच होत नव्हता, तो पुढे मुख्य फर्मवेअर सुरू करतं. त्यामुळे लाईट कितीदाही घालवून आणली तरी गाडी तिथेच रुतणार.

एनएमआय म्हणजे अडवता न येणारा इंटरप्ट. या चिपवर तो येण्याची कारणं मोजकी आहेत आणि त्यातलं एक फ्लॅशचं आहे. फ्लॅशमधल्या प्रत्येक ६४ बिटांमागे चिप स्वतःहून ८ बिट ईसीसीचे ठेवते. वाचताना एक बिट चुकीचा निघाला तर गुपचूप दुरुस्त करते. दोन चुकले तर दुरुस्ती होत नाही, मग ती एनएमआय मारते आणि पत्ता एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवते. ते रजिस्टर वाचलं:

```
FLASH_ECCR = 0x8007FA30
```

सगळ्यात वरचा बिट म्हणजे दोन बिटांची चूक. बँकेचा बिट शून्य, म्हणजे पहिली बँक. उरलेला पत्ता 0x7FA30. आमचं नोंदींचं पान पहिल्या बँकेतलं शेवटचं, 0x7F800 पासून सुरू होणारं. फरक 0x230, म्हणजे ५६० बाइट. एक नोंद १६ बाइटची, तेव्हा ही छत्तिसावी नोंद आणि तिचा पहिलाच अर्धा भाग.

दोन्ही बँकाही तपासल्या. पहिल्या बँकेतलं जुनं फर्मवेअर अक्षर न अक्षर शाबूत होतं, सीआरसी जुळत होता. दुसऱ्या बँकेत नवं फर्मवेअर १४० केबीपर्यंत उतरलेलं आणि पुढे सगळं कोरं. म्हणजे अपडेट ठरल्याप्रमाणेच अर्ध्यावर थांबलं होतं आणि कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. त्याला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पण मग प्रश्न उरतोच. फर्मवेअर १४० केबीवर थांबलं, सीआरसी काढायची वेळच आली नव्हती, तर छत्तिसावी नोंद लिहीत कोण होतं?

आधीच्या पस्तीस नोंदी वाचल्या तेव्हा उलगडा झाला. दोन सोडल्या तर त्या बँकेच्या नव्हत्याच, 'लाईट गेली' अशा होत्या. कंत्राटदाराने व्होल्टेज पडू लागल्याचा इंटरप्ट वापरून जाता जाता एक नोंद टाकायची सोय केली होती, मालकाला लाईट किती वेळा गेली ते कळावं म्हणून. सोय चांगली आहे, पण त्या नोंदी त्याने बूटलोडर वाचतो त्याच पानावर टाकल्या. म्हणजे ज्या पानावर कंट्रोलरचं उठणं अवलंबून, त्याच पानावर नेमकी लाईट जाताना, दर वेळी, लिहिणं चालू. लिहिताना लाईट जाण्याचा योग लाखात एक असतो असं आपण धरून चालतो. इथे तो योग मुद्दाम जुळवून आणलेला होता.

तरी मग तेहतीस वेळा काही झालं नाही आणि काल का झालं? हे गणित मी कोल्डरूमच्या दारातल्या क्रेटवर बसून केलं. आतला पुरवठा बक कन्व्हर्टरचा आहे, तो बंद पडला की ३.३ व्होल्टच्या लाइनवर उरतो फक्त १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. सुमारे २.९ व्होल्टला इशारा येतो आणि सुमारे २.८ ला चिप स्वतःला रिसेट करते. हातात असतो तो हा दशांश व्होल्टचा अवधी. एरवी कंट्रोलर २० मिलीअँपिअर खातो, तेव्हा तो अवधी अर्ध्या मिलीसेकंदाचा. ६४ बिट लिहायला ८२ मायक्रोसेकंद लागतात, पूर्ण नोंदीला त्याच्या दुप्पट. आरामात बसतं. पण अपडेट उतरत असताना वायफाय मॉड्यूल त्याच लाइनवरून झटक्याला ३०० मिलीअँपिअर ओढतं. तेव्हा अवधी उरतो ३३ मायक्रोसेकंद. पहिले ६४ बिटसुद्धा पुरे होत नाहीत.

असा अर्धवट लिहिलेला बिट धड शून्य नसतो, धड एक नसतो. अर्धकच्च्या भाताच्या शितासारखा, दाबून बघेपर्यंत कळत नाही. गरम चिपवर एक वाचला जाईल, थंडीत दुसरं. नोंदीला स्वतःचा चेकसम होता. पण चेकसम तपासायला आधी ते बाइट वाचावे लागतात आणि वाचता क्षणी एनएमआय. आडातच पाणी नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

फ्लॅशची पूर्ण प्रत लॅपटॉपवर काढून घेतली आणि मगच दुरुस्तीला हात लावला. नोंदींचं पान पुसलं की बूटलोडर दोन्ही बँकांचा सीआरसी काढून जी धड असेल ती घेतो. मात्र दुसऱ्या बँकेत १४० केबीच्या टोकालाही असाच अर्धवट लिहिलेला ६४ बिटांचा शब्द असू शकतो, तो वाचताना पुन्हा तेच. म्हणून आधी दुसरी बँक पुसली, मग पान. लाईट देताच डिस्प्लेवर तापमान आलं. मॅनेजर म्हणाले, "इतकंच होतं, तर फोनवर नसतं का झालं?" मी चहा घेतला.

पुढचं काम वेर्ण्याला बाकावर. बूटलोडरमध्ये हँडलर असा झाला:

```c
void NMI_Handler(void)
{
    uint32_t e = FLASH->ECCR;
    if ((e & FLASH_ECCR_ECCD) && outside_loader(e)) {
        FLASH->ECCR = e;   /* clears ECCD */
        read_bad = 1;
        return;
    }
    NVIC_SystemReset();
}
```

वाचणारा भाग प्रत्येक नोंदीनंतर `read_bad` बघतो, खराब असेल तर ती नोंद सोडून पुढे जातो. सीआरसी काढतानाही तेच. एक जरी असा शब्द भेटला तर ती बँक बाद. `outside_loader` ची अट महत्त्वाची: बूटलोडरच्या स्वतःच्या कोडमध्ये चूक निघाली तर परत फिरून चुकीची सूचना चालवण्यापेक्षा रिसेट बरा. चिप ईसीसी बिघडलेल्या जागेवर पुन्हा लिहू देत नाही (सगळी शून्यं सोडून), त्यामुळे नवी नोंद नेहमी पुढच्या कोऱ्या जागी.

चाचणीसाठी ३.३ व्होल्टच्या लाइनवर १० ओहमचा रेझिस्टर लावला, वायफायच्या झटक्याएवढा भार म्हणून, आणि पुरवठा मॉसफेटने वेगवेगळ्या क्षणी तोडत राहिलो. जुना बूटलोडर चहा गार व्हायच्या आत अडकला. नवा रात्रभर चालू ठेवला, सकाळी तो उठत होता आणि पानावर सोडून दिलेल्या नोंदी स्पष्ट दिसत होत्या. रेझिस्टर न लावता हीच चाचणी केली असती, तर जुनाही पास झाला असता.

साइटवर असलेल्या कंट्रोलरचं मात्र इतकं सोपं नाही. बूटलोडरची पानं लिहिण्यापासून कुलूपबंद आहेत, ती दुरून बदलता येत नाहीत आणि येऊही नयेत, कारण त्याला दुसरी बँक नाही. तेव्हा जे दुरून पाठवता येतं ते मुख्य फर्मवेअरमध्ये घातलं. 'लाईट गेली'च्या नोंदी आता बूटलोडर कधीच वाचत नाही अशा पानावर जातात. बँक बदलायची नोंद करताना आधी वायफाय बंद, मग व्होल्टेज मोजणं, ते पुरेसं असेल तरच लिहिणं. जुन्या बूटलोडरवर धोका उरतो तो अपडेटच्या शेवटी होणाऱ्या त्या एका नोंदीपुरता, आणि तेव्हा भार कमी असल्याने इशारा येऊन गेला तरी ती पुरी होते.

हे फर्मवेअर पाठवताना जुनंच चालू असणार, म्हणजे तेवढ्या एका अपडेटला जुना धोका होताच. त्यासाठी टेक्निशियनला प्रत्येक ठिकाणी जनरेटर चालू करून बसवलं. बूटलोडर बदलायला केबल लावावी लागते. ते वार्षिक सर्व्हिसच्या यादीत घातलंय, सुरुवात शापोऱ्यापासून.